खोलीतलं स्वागतपत्र: आठ महिने वापरल्यावर

आमच्या रिसॉर्टच्या खोल्यांमध्ये आठ महिन्यांपूर्वी नवं स्वागतपत्र ठेवलं. मी रात्रपाळीला रिसेप्शनवर असतो, त्यामुळे पत्र कुणी वाचलं आणि कुणी नाही, हे मला येणाऱ्या फोनवरूनच कळतं.

पहिलं पत्र दोन्ही बाजूंनी छापलेलं होतं. पुढे मालकांचं मनोगत, मग पूल, स्पा, जिम आणि आणीबाणीचे नंबर मागच्या बाजूला तळाशी. दुसऱ्याच महिन्यात रात्री दोनच्या सुमारास एक बाई अनवाणी धावत आल्या. नवऱ्याला श्वास घेता येत नव्हता. पत्रातला नंबर त्यांना सापडला होता, पण तो आमच्या मोबाइलचा आणि त्यांच्या कॉटेजमध्ये नेटवर्क नाही. इंटरकॉमवरून बाहेर फोन लावायला आधी शून्य दाबावा लागतो, हे पत्रात कुठेच नव्हतं. खरं तर रिसेप्शनसाठी नुसता 9 दाबला असता तरी पुरलं असतं! ते गृहस्थ वाचले, पत्र मात्र आम्ही त्याच आठवड्यात बदललं.

आता सगळ्यात वर, ठळक अक्षरात, एकच ओळ आहे: ‘काहीही झालं तर खोलीतल्या फोनवरून 9’. त्याखाली रिसॉर्टचा पूर्ण पत्ता, वळणाची खूण आणि हाताने लिहिलेला कॉटेज क्रमांक. रुग्णवाहिकेसाठी फोन केला की पहिला प्रश्न ‘कुठे यायचं?’ हाच असतो आणि पाहुण्याला फार तर रिसॉर्टचं नाव ठाऊक असतं. रुग्णवाहिका स्वतः बोलावली तरी 9 दाबून आम्हाला कळवा, असंही लिहिलंय. रात्री फाटक बंद असतं. आधी कळलं तर वॉचमन ते उघडून टॉर्च घेऊन रस्त्यावर उभा राहतो. शिवाय हीच ओळ फोनच्या रिसीव्हरवर चिकटवली, कारण घाबरलेला माणूस पत्र शोधत बसत नाही.

शांततेच्या वेळेचं वाक्यही बदलावं लागलं. ‘रात्री 10 ते सकाळी 7 शांतता राखावी’ हे सगळे वाचतात आणि ते शेजारच्यांसाठी आहे असं समजतात. आता लिहिलंय, ‘दहानंतर गप्पा व्हरांड्यातून आत न्या, खुर्च्या ओढू नका, उचला. शेजारी आवाज असेल तर दार ठोठावू नका, 9 दाबा, आम्ही जातो.’ तक्रारी आजही येतात, पण पाहुणे आपसात भांडत नाहीत.

सोयीसुविधांच्या वेळा आम्ही पत्रातून काढूनच टाकल्या. पूल दुरुस्तीसाठी बंद असताना पत्रात ‘सकाळी 7 पासून खुला’ छापलेलं राहायचं आणि शिव्या मी खायचो. आता वेळांची चिठ्ठी वेगळी असते, हाउसकीपिंगवाले खोली लावताना बदलतात. कधीकधी विसरतातही.

लॅमिनेशन मात्र चुकलंच. टेबललॅम्पखाली कागद असा चमकतो की चष्मेवाल्यांना तो तिरका धरून वाचावा लागतो. पुढच्या छपाईत साधा जाड कागद घेणार आहोत.

आणि वायफायचा पासवर्ड पत्रात दोनदा छापूनही रात्री अकराला फोन येतोच.