कायझेन आणायचंय, पण कुठलं? रोजचं की पाच दिवसांचं

भोसरी-चाकणकडे छोटं युनिट चालवणाऱ्यांना मोठ्या कस्टमरच्या ऑडिटमध्ये हमखास विचारतात, तुमच्याकडे कायझेन आहे का? मग मालक शोधाशोध करतो आणि त्याला एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्याच गोष्टी सापडतात. एकजण म्हणतो कामगारांकडून रोज सूचना घ्या, दुसरा म्हणतो कन्सल्टंट बोलवा पाच दिवसांत लाइन बदलून देतो, आणि ऑफिसवाले म्हणतात माणशी महिन्याला दोन शीट भरा. यातलं काय निवडायचं हे ठरवायचं असेल तर आधी ही नावाची भानगड झाली कशी ते बघायला लागतं.

जपानीत हा अगदी साधा, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, अर्थ सुधारणा. तब्येत सुधारली, पगाराच्या अटी सुधारल्या, सगळीकडे चालतो. त्यात 'छोटी' नाही आणि 'सतत' पण नाही. हे दोन्ही अर्थ कारखान्याने चिकटवले, आणि म्हणूनच कारखान्यातला कायझेन तिकडे बऱ्याचदा वेगळ्या लिपीत, कताकानात लिहितात, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की नेहमीचा शब्द नाही हा.

कारखान्यात त्याला वळण लागलं त्यात अमेरिकेचा मोठा हात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुपरवायझर लोकांसाठी टीडब्ल्यूआय नावाचं ट्रेनिंग काढलं होतं, युद्धानंतर ते जपानमध्ये आलं. त्यातल्या एका कोर्सच्या चार पायऱ्या होत्या: कामाचे बारीक तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला का-कुठे-कधी-कोण-कसं विचारा, नवी पद्धत बसवा, ती चालू करा. आणि अट काय, तर आत्ता हाताशी जी माणसं, जी मशिनं, जो माल आहे त्यातच. नवीन मशीन मागायचं नाही. युद्धानंतरच्या जपानकडे पैसाच नव्हता, त्यामुळे हे त्यांना फिट बसलं.

टोयोटात 1950 मध्ये मोठा संप झाला, माणसं कमी करावी लागली, किइचिरो टोयोदांनी अध्यक्षपद सोडलं. त्याच वर्षी एइजी टोयोदा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आले आणि 1951 मध्ये तिथल्यासारखीच सूचना योजना टोयोटात सुरू झाली. पुढे टोयोटाचेच इंजिनिअर ताइइची ओनो यांनी याला पक्की शिस्त लावली, की आधी आजची पद्धत कागदावर पाहिजे, तरच उद्या ती सुधारली की नाही ते कळणार. हे पहिलं कायझेन, रोजचं.

दुसरं आलं ते 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत. मासाआकी इमाईंच्या 1986 च्या पुस्तकाने शब्द जगभर गेला होताच, मग टोयोटाच्या मुशीतून निघालेले जपानी कन्सल्टंट अमेरिकन कारखान्यांत आठवडाभराचे कार्यक्रम घ्यायला लागले. सोमवारी ट्रेनिंग, मंगळवारी स्टॉपवॉच घेऊन लाइनवर, बुधवारी मशिनं हलवायची, गुरुवारी चालवून बघायचं, शुक्रवारी मॅनेजमेंटसमोर प्रेझेंटेशन. म्हणजे छोटं आणि सतत म्हणून जे ओळखलं जायचं ते आता मोठं आणि एकदाच झालं, नाव मात्र तेच.

आता दोन्ही एकाच कामावर लावून बघू. समजा सीएनसी लेथवर एक जॉब संपवून दुसरा लावायला 50 मिनिटं जातात. त्यातली 12 ड्रॉइंग, गेज, टूल्स आणायला, 10 चक जॉज बदलून बोअर करायला, 8 टूल्स लावायला, 8 प्रोग्रॅम आणि ऑफसेटला, आणि 12 फर्स्ट पीस क्वालिटीकडे नेऊन ओके होईपर्यंत.

रोजच्या कायझेनमध्ये सेटर स्वतः बघतो की पहिली 12 मिनिटं मशीन उगाच उभं असतं, मग आधीचा जॉब चालू असतानाच पुढच्याचं सामान ट्रॉलीवर लावून ठेवायला लागतो, 12 चे 2 होतात. दोन आठवड्यांनी प्रत्येक जॉबचे जॉज वेगळे नंबर मारून ठेवतो, तिथे 10 चे 6. झाले 36. खर्च जवळपास काही नाही, आणि पद्धत त्याची स्वतःची असल्यामुळे तो ती मोडू देत नाही. पण शेवटची 12 मिनिटं त्याच्या हातात नाहीत. क्वालिटीवाला दुसऱ्या टोकाला बसतो, त्याला उठवणं सेटरच्या अधिकारात नाही, तो शंभर सूचना लिहील पण ते टेबल हलणार नाही.

तिथे पाच दिवसांचं खरंच कामाचं, कारण प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स एका जागी उभे असतात आणि निर्णय घेणारा माणूस तिथेच असतो. चेकिंगचं टेबल मशीनजवळ येतं किंवा ठरलेल्या मापांपुरतं सेटरलाच ओके करायची परवानगी मिळते, 12 चे 4 होतात, एकूण 28.

मात्र याच पद्धतीचं एक दुखणं आहे आणि ते शुक्रवारी दिसत नाही. दीड महिन्याने जा, ट्रॉलीवर भलताच माल पडलेला असतो, नवा सेटर आलेला असतो ज्याला कुणी काही शिकवलेलंच नाही, आणि वेळ परत 45 वर. म्हणून प्रत्येक सेटअपला आधीचा शेवटचा पीस ते नवीन पहिला ओके पीस एवढा वेळ मशीनजवळच्या बोर्डवर लिहायचा, रोज. आणि कामाच्या पद्धतीच्या शीटवरची तारीख बघायची, कायझेनच्या फायली भरल्यात पण त्या शीटची तारीख तीन वर्षांपूर्वीची असेल तर प्रत्यक्षात काही बदललेलं नाही.

ऑफिसातल्या माणशी दोन शीटबद्दल मी थोडक्यातच सांगते, हे घेऊ नका. आकडा ठरवला की लोक स्टेपलरची जागा बदलल्याचे फोटो लावतात, आणि एका बिलाला सहा सह्या का लागतात हा प्रश्न तसाच राहतो.

माझं मत विचाराल तर 30-40 माणसांच्या युनिटने रोजच्याने सुरुवात करावी, एकाच मशीनवर. अडथळा दोन डिपार्टमेंटच्या मधे आहे असं बोर्डवरच्या वेळांवरून दिसलं की मगच पाच दिवसांचं घ्यावं, तेही फक्त तेवढ्या भागाचं.

पण त्याआधी दोन गोष्टी मालकाने तोंडाने सांगायला पाहिजेत. पहिली म्हणजे वाचलेल्या वेळामुळे कुणाला काढणार नाही. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा पोरगा स्वतःचंच काम कमी करायची सूचना कशाला देईल? दुसरी म्हणजे सूचनेवर घालवलेला वेळ पगारी. हे टोयोटाला पण उशिरा मान्य करावं लागलं. त्यांच्या त्सुत्सुमी प्लांटमधला 30 वर्षांचा एक कर्मचारी 2002 मध्ये कामावर असतानाच वारला, आणि 2007 मध्ये नागोयाच्या जिल्हा कोर्टाने त्या प्रकरणात क्वालिटी सर्कलसारख्या तथाकथित ऐच्छिक गोष्टींचे तासही कामाचेच धरले. त्यानंतर 2008 मध्ये कंपनीने त्या तासांचे पूर्ण पैसे द्यायचं ठरवलं, आधी महिन्याला दोनच तासांचे मिळायचे. त्यामुळे शिफ्ट सुटल्यावर थांबवून मीटिंग घ्यायचा विचार असेल तर तो सोडा, शिफ्टमधलीच वीस मिनिटं द्या, मशीन बंद ठेवून.