आयडीई-यूएसबी कनव्हर्टर: कनव्हर्टर उत्तम, सोबतचा पॉवर अडॅप्टर भंगार

माझं डीटीपीचं काम आहे. जुने कस्टमर अजूनही पेजमेकरमधल्या पत्रिका, अहवाल, अंकांच्या फाइली मागतात आणि त्या सगळ्या विंडोज ९८-एक्सपीच्या काळातल्या आयडीई डिस्कवर आहेत. त्यासाठी हा कनव्हर्टर घेतला. एका बाजूला ३.५ इंची डिस्कचं ४० पिनचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपच्या डिस्कचं ४४ पिनचं, शिवाय साटा. बरेच महिने वापरून लिहितोय.

पहिली डिस्क सीगेट बाराकुडा, ४० जीबी. यूएसबी लावल्याचा आवाज यायचा, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच नाही. ही डिस्क जुन्या मशीनमध्ये दुसरी म्हणून लावलेली, म्हणजे स्लेव्हवर होती. कनव्हर्टरला समोर एकच डिस्क लागते आणि तीही मास्टर. बाराकुडाला जंपर डेटा केबलच्या सॉकेटला लागून असलेल्या उभ्या जोडीवर लावला की मास्टर, आणि जंपर काढून टाकला की स्लेव्ह. वेस्टर्न डिजिटलचं नेमकं उलटं आहे: एकटी डिस्क असेल तर जंपर काढायचाच. तिथे मास्टरची जोडी म्हणजे ‘सोबत स्लेव्ह आहे’ असा अर्थ, आणि मग डिस्क नसलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते. म्हणून एका कंपनीचा नियम दुसरीला लावू नका. डिस्कच्या लेबलवर तक्ता छापलेला असतो, तोच बघा. केबल सिलेक्टच्या भानगडीत पडू नका, काही कनव्हर्टर ते ओळखतात, काही नाही.

जंपर बदलल्यावर डिस्क दिसली, फाइली निघाल्या, मी खूश. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

काही आठवड्यांनी डिस्क मध्येच गायब व्हायला लागली. फिरायला सुरुवात करायची, टक् आवाज, थांबायची, पुन्हा फिरायची. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, ‘डिस्क खराब आहे, कनव्हर्टर ओके.’ कस्टमरच्या डिस्कला परस्पर खराब ठरवलेलं मला अजिबात सहन झालं नाही. मल्टिमीटर घेतला. चार तारांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. डिस्क न लावता पिवळीवर १२.१ आले. डिस्क फिरायला लागली त्या क्षणी ९.८! लालवर ४.६. ५ व्होल्टची लाइन ४.७५ च्या खाली जायलाच नको.

डिस्कच्या लेबलवर छापलेला करंट चालू स्थितीतला असतो. सुरुवातीला प्लॅटर फिरवताना मोटर १२ व्होल्टवर काही सेकंद त्याच्या कितीतरी पट, दोन अँपिअर किंवा जास्तही ओढते. अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट २ अँपिअर’ छापलेलं आहे, पण तेवढं तो देत नाही. त्यात मोलेक्सच्या पितळी पिन इतक्या ढिल्या की डिस्कवर दाबताना पिवळ्या तारेची पिन मागे सरकते. वरून कनेक्टर बसलेला दिसतो, आत पिन टेकलेलीच नसते. बसवल्यावर मागून प्रत्येक तार बघा, सरकलेली दिसली तर कनेक्टर काढून पिन पुढे रेटा.

शेवटी जुन्या पीसीचा एसएमपीएस काढला. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि शेजारची काळी तारेच्या तुकड्याने जोडली की तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो. त्याचा मोलेक्स थेट डिस्कला, कनव्हर्टरची फक्त डेटा बाजू. तीच ‘खराब’ डिस्क पहिल्या फटक्यात फिरली. आता क्रम ठरलेला: डेटा केबल आणि मोलेक्स लावायचे, पॉवर द्यायची, फिरण्याचा आवाज एकसारखा झाला की मगच यूएसबी. काढताना आधी ‘सेफली रिमूव्ह’, मग पॉवर बंद.

विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ विचारतं तेव्हा ‘नाही’ म्हणा. अशा डिस्कची मी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून आधी पूर्ण इमेज घेतो. `lsblk` मध्ये साइझ बघून नाव पक्कं करायचं, माझ्याकडे ते `sdb` येतं. इमेज दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर ठेवायची:

```
ddrescue -n /dev/sdb disk.img disk.map
```

यूएसबी २.० वर २५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ४० जीबीला अर्धा तास. फाइलींसोबत विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही उचला. जुने मराठी फॉन्ट युनिकोड नाहीत, नेमका तोच फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

लॅपटॉपच्या डिस्कला एसएमपीएस लागत नाही, तिला ५ व्होल्टच पुरतात आणि ते ४४ पिनमधूनच मिळतात. फक्त शेजारी जंपरच्या चार वेगळ्या पिन असतात, कनेक्टर सरकून त्यांच्यावर बसत नाही ना बघा. जंपर नसला की ती बहुतेक वेळा मास्टरच असते.

कनव्हर्टरला चार तारे. पॉवर अडॅप्टरला शून्य. घरात जुना एसएमपीएस पडलेला असेल तर अडॅप्टरशिवायचं स्वस्त मॉडेल घ्या, पैसे वाचतील.