3 लाख भरले, पण हप्ता एकही कमी झाला नाही

गावाकडच्या जमिनीच्या वाटणीत माझ्या वाट्याला 3 लाख आले. बायकोचं म्हणणं होतं सोनं घेऊ, माझं म्हणणं होतं कर्जात भरू. शेवटी माझं ऐकलं गेलं, आणि पुढची सव्वा वर्षं मला ते घरात ऐकवलंही गेलं.

आमचं कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं, फ्लोटिंग दराचं. डिसेंबर 2023 च्या हप्त्यानंतर मुद्दल बाकी होती 28,04,570 रुपये, दर साडेआठ टक्के, हप्ता 26,035 आणि शिल्लक हप्ते 204. शाखेत गेलो तर तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "साहेब, हप्ता कमी करायचा की मुदत?" मी घरूनच हिशेब करून गेलो होतो. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला असता तर तो 23,250 च्या आसपास आला असता. म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार हातात राहिले असते आणि शेवटपर्यंत एकूण व्याज वाचलं असतं साधारण पावणेतीन लाख. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर 204 चे 162 हप्ते आणि शेवटी एक छोटा तुकडा, म्हणजे तब्बल 42 हप्ते कमी. व्याजाची बचत जवळजवळ आठ लाख. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मुदत कमी करा म्हणालो.

हप्ता गेला त्याच दिवशी, 5 डिसेंबरला, आरटीजीएस केलं. अधिकाऱ्याने एक छापील फॉर्म पुढे केला, "इथे आणि इथे सही करा, बाकीचं मी भरतो, तुम्ही कशाला थांबता." मी सह्या केल्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये हे मी मुलाला शिकवतो, स्वतः मात्र पाच मिनिटं वाचवण्यासाठी केली. त्याने पावतीच्या झेरॉक्सवर पेनाने 'टेन्युअर रिड्यूस्ड' लिहून दिलं. त्यावर शिक्का नव्हता, सहीसुद्धा नव्हती. मला तेवढ्यानेच समाधान वाटलं. नवीन परतफेडीचं वेळापत्रक कधी मिळेल, हे मी विचारलंच नाही.

चार दिवसांनी स्टेटमेंट काढलं. त्यात 3,00,000 ची जमा स्पष्ट दिसत होती. पैसे पोचले, झालं. मी ते बंद करून ठेवलं. आमच्यासारखे बहुतेक इथेच थांबतात, कारण आपण जमेची ओळ शोधतो. ती ओळ खरीच होती.

फेब्रुवारी 2025 मध्ये ईमेलवर तिमाही विवरण आलं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार हप्त्याच्या कर्जदाराला दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, शिल्लक हप्ते आणि वार्षिक दर कळवावा लागतो. नेहमी ते न उघडताच राहायचं. त्या दिवशी ऑफिसला जाताना सहज उघडलं, तर शिल्लक हप्ते 190! माझ्या हिशेबाने 148 च्या आसपास हवे होते. 204 वजा 14 म्हणजे 190. जणू मी 3 लाख भरलेच नव्हते.

घरी येऊन पूर्ण स्टेटमेंट काढलं. जानेवारी 2024 च्या हप्त्याची ओळ बघा, मला तीच सापडली. 26,035 मधलं व्याज 19,866 आणि मुद्दल 6,169. आता कॅल्क्युलेटर घ्या. 28,04,570 ला 8.5 ने गुणा, 100 ने भागा, मग 12 ने भागा, 19,866 येतात. हाच हिशेब 25,04,570 वर केला तर येतात 17,741, आणि मुद्दलात जायला हवे होते 8,294. म्हणजे कंपनीने व्याज जुन्याच रकमेवर लावलं होतं. पहिल्याच महिन्यात 2,125 रुपये जास्त. मग माझे 3 लाख कुठे होते? दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: 'एक्सेस अमाउंट 3,00,000'.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. तो अधिकारी नोकरी सोडून गेला होता. माझी फाईल काढली तर फॉर्मवर 'अ‍ॅडव्हान्स ईएमआय' या चौकटीत टिक. माझी सही निळ्या शाईची, टिक काळ्या शाईची. अ‍ॅडव्हान्स ईएमआय म्हणजे पुढच्या हप्त्यांसाठी आधीच ठेवलेले पैसे. ते मुद्दलाला लागत नाहीत, नुसते पडून राहतात. माझ्या बाबतीत तर हप्तेही त्यातून वळते झाले नव्हते, ते दर महिन्याला खात्यातून कापले जातच होते. थोडक्यात, माझे 3 लाख कंपनीकडे बिनव्याजी पडून, आणि त्याच 3 लाखांवर ती माझ्याकडून साडेआठ टक्के घेतेय. 14 महिन्यांत हे जादा व्याज जवळजवळ 31 हजार झालं होतं. ती टिक मुद्दाम केली की घाईत, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं मुद्दाम. बायकोला खात्रीच आहे.

शाखेतल्या मॅडम समजूतदार होत्या. म्हणाल्या, "सर, आजच अ‍ॅडजस्ट करून देते, मुदत लगेच कमी होईल." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. सोबत माझा मेव्हणा होता, सहकारी पतसंस्थेत वसुलीचं काम करतो. तो म्हणाला, "भाऊजी, आजच्या तारखेने नाही. पैसे आले त्या तारखेने करायला सांगा." आजच्या तारखेने केलं असतं तर ते 31 हजार व्याज कायमचं माझ्या मुद्दलात बसलं असतं आणि शेवटी तीन-चार हप्ते जास्त भरावे लागले असते. जुनी नोंद उलटवून 5 डिसेंबर 2023 या व्हॅल्यू डेटने, म्हणजे पैसे जमा झाले त्या तारखेने, नवी केली, तर मधल्या सगळ्या महिन्यांचं व्याज पुन्हा मोजावं लागतं. शाखेला तेच नको होतं, कारण त्याला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते.

मी लेखी अर्ज दिला. आरटीजीएसचा यूटीआर क्रमांक, जानेवारीच्या ओळीचा हिशेब, पेनाने लिहिलेली झेरॉक्स, सगळं जोडलं आणि पोच घेतली. मागण्या तीनच: जुन्या तारखेने नोंद, मुदत कमी केल्याचं नवीन वेळापत्रक, आणि सुधारित व्याज प्रमाणपत्र. एका कर्मचाऱ्याने हळूच प्रीपेमेंट चार्जेसचा विषय काढला. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाला ते लागत नाहीत, एवढं सांगितल्यावर तो विषय तिथेच संपला. अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं की महिन्यात उत्तर आलं नाही तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या तक्रार पोर्टलवर जाईन. हाउसिंग फायनान्स कंपन्यांच्या तक्रारी तिथे जातात. कर्ज बँकेचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

26 व्या दिवशी पत्र आलं. त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता, 'सिस्टीम एरर' एवढंच. त्याच्याखाली नवीन वेळापत्रक होतं. मी आधी जानेवारी 2024 ची ओळ काढली: व्याज 17,741. मग शेवटचं पान. मार्चचा हप्ता भरल्यावर 147 हप्ते आणि एक छोटा तुकडा. एक्सेस अमाउंट शून्य. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, सोन्याचा भाव बघितलास का?