क्वेस्ट ३ की ३एस? आधी डोळ्यांमधलं अंतर मोजा

मेटाचा क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट आला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आणि स्वस्तातला ३एस त्याच्या वर्षभरानंतर. दोन्हींत चिप तीच, गेम तेच, हातातले कंट्रोलरही तेच. त्यामुळे "मग जास्तीचे पैसे कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. दुकानात गेलं की स्टोरेज किती हवं ते विचारतात. मला कुणी सल्ला विचारला तर मी आधी विचारतो, तुमचा पीडी किती?

पीडी म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं, पण ५५ वाले आणि ७० वालेही भेटतात. हेडसेटमधल्या दोन भिंगांचे मध्य आणि तुमच्या बाहुल्या समोरासमोर आल्या, तरच चित्र लख्ख दिसतं.

मोजायला पाच मिनिटं पुरतात. आरशापासून वीतभर अंतरावर उभं राहा आणि मिमीच्या खुणा असलेली पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचं शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. मग मान आणि पट्टी जराही न हलवता डावा मिटा, उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीच्या मध्याशी आलेला आकडा वाचा. तीनदा मोजा, कारण पहिल्या वेळी हात हलतोच. बऱ्याच शाळकरी पट्ट्यांचं शून्य अगदी कडेपासून सुरू होत नाही, तेवढं बघून घ्या. चष्म्याच्या दुकानातून आकडा मिळाला तर उत्तमच, फक्त तो लांबच्या नजरेचा आहे ना हे विचारा. वाचनासाठी मोजलेला पीडी तीनेक मिमी कमी भरतो, कारण जवळ बघताना डोळे आत वळतात.

आता दोन्ही यंत्रं शेजारी ठेवू. ३एसमध्ये भिंगं हातानं सरकवायची असतात आणि ती तीनच जागी बसतात : ५८, ६३ आणि ६८ मिमी. क्वेस्ट ३ ला खालच्या कडेला एक चाक आहे. ते फिरवलं की भिंगं ५८ ते ७१ मिमीच्या दरम्यान सावकाश सरकतात आणि आकडा समोर चित्रात दिसतो. ५३ ते ७५ पीडीच्या माणसांना हा हेडसेट चालतो असं कंपनी म्हणते. टोकाच्या आकड्यांना थोडी तडजोड आलीच.

माझ्या मावसभावाचा पीडी भरला ६०.५. म्हणजे ३एसच्या पहिल्या दोन खाचांच्या बरोब्बर मधे. ६१ पर्यंतच्यांनी पहिली खाच घ्यावी असा सर्वसाधारण नियम आहे, त्याप्रमाणे त्यानं ५८ वर लावलं. फरक अडीच मिमीचा, प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला सव्वा मिमी. हे ऐकायला काहीच वाटत नाही. गेम खेळताना त्यालाही काही वाटलं नाही. पण ब्राउझर उघडून लेख वाचायला घेतला तेव्हा मधल्या ओळी स्वच्छ आणि कडेच्या शब्दांना जांभळट किनार, असं दिसायला लागलं. ओळ वाचताना डोळे फिरवण्याऐवजी तो मान फिरवत होता आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. ६३ च्या खाचेवरही फार वेगळं नव्हतं. क्वेस्ट ३ वर चाक ६० च्या जरा पुढे नेलं आणि मान फिरवणं थांबलं.

याचं श्रेय एकट्या चाकाला देऊ नये. ३एसमध्ये फ्रेनेल भिंगं आहेत, ज्यांच्यावर चकलीच्या वेढ्यांसारख्या गोल कडा असतात. अशा भिंगाचा अगदी स्वच्छ भाग मधे छोटासा असतो, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की वेढ्यांवरून प्रकाशाच्या रेघा पसरतात. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगं आहेत. त्यांत चित्र जवळजवळ कडेपर्यंत सारखं राहतं. म्हणजे ज्या यंत्रात पीडी नेमका लावता येतो, तेच यंत्र पीडी थोडा चुकला तरी सांभाळून घेतं. आणि ज्याला नेमकेपणा जास्त लागतो, त्यात तो लावायची सोय कमी. किमतीतला फरक मला पिक्सेलांपेक्षा इथे जास्त दिसतो.

म्हणून माझा हिशेब असा : तुमचा पीडी ५८, ६३ किंवा ६८ पासून मिमीभराच्या आत असेल आणि वापर मुख्यतः गेमचा असेल, तर ३एस घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला पट्टा घ्या. मूळ पट्टा दोन्हींचा कामचलाऊच आहे. ६०-६१ किंवा ६५-६६ वाल्यांनी, आणि ज्यांना आत बसून लांबलचक मजकूर वाचायचा आहे त्यांनी, क्वेस्ट ३ कडे बघावं. घरात चारजण वापरणार असतील तर चाकाची सोय रोज जाणवते, पण प्रत्येकानं आपला आकडा लक्षात ठेवायला हवा. नाहीतर मुलगा ५८ वर ठेवून जातो आणि वडील ६६ च्या डोळ्यांनी अर्धा तास बघून "आमचं डोकं दुखतं बुवा या प्रकारानं" म्हणत उठतात.

पीडी चुकलाय की आणखी काही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. हेडसेट लावून बारीक अक्षरांचा एखादा मेन्यू समोर ठेवा. आळीपाळीनं एकेक डोळा मिटा आणि हेडसेट चेहऱ्यावर किंचित उजवीकडे सरकवा, मग डावीकडे. उजवीकडे सरकवल्यावर उजवा डोळा स्वच्छ बघतो आणि डावीकडे सरकवल्यावर डावा, असं असेल तर भिंगं एकमेकांच्या फार जवळ आहेत, अंतर वाढवा. उलट होत असेल तर कमी करा. वरखाली सरकवल्यावर दोन्ही डोळ्यांना एकदम स्वच्छ दिसलं, तर दोष पीडीचा नाहीच, हेडसेट चुकीच्या उंचीवर बसलाय.

हे दुसरं मी स्वतः भोगलंय. पहिला आठवडाभर मी पुढचा भाग गालांवर दाबून मागचा पट्टा आवळत होतो, आणि चित्र धूसर म्हणून पुन्हा आवळत होतो. पट्टा मागे कवटीच्या उंचवट्याखाली नीट बसला पाहिजे, म्हणजे पुढचं वजन तो तोलून धरतो. आधी पट्टा सैल ठेवायचा, हेडसेट हातानं वरखाली करत अक्षरं टोकदार दिसतील ती जागा शोधायची आणि तिथे धरून मगच आवळायचा. गालांवर वळ उठत असतील तर तो जास्त आवळलाय.

आता फोकस. दुर्बिणीसारखं फिरवायचं बटण लोक शोधत बसतात, आणि क्वेस्ट ३ चं चाक तेच आहे असा समज करून घेतात. दोन्हींपैकी एकातही फोकस बदलत नाही. भिंगं अशी बसवलेली असतात की चित्रातली वस्तू हातभर अंतरावर भासो की डोंगरापलीकडे, डोळ्याला मात्र साधारण दीड-दोन मीटरवरच्या वस्तूसारखा फोकस करावा लागतो. वस्तू अगदी नाकाशी आणली की डोळे आत वळतात पण फोकस लांबचाच राहतो, आणि ही ओढाताण थकवते. त्यावर सेटिंग नाही. खिडक्या आणि मेन्यू हातभरापेक्षा लांब ठेवणं हाच उपाय.

यातून चष्म्याचा प्रश्न सुटतो. अर्ध्या नंबरचा मायनस असेल तर चष्म्याशिवाय भागतं, कारण अशा डोळ्याला दोन मीटरपर्यंत स्वच्छ दिसतंच. मायनस अडीच असेल तर स्वच्छ नजर चाळीस सेंटिमीटरवर संपते, तिथे चष्मा हवाच. चाळिशीनंतर फक्त वाचनाचा चष्मा लागलेल्यांना सहसा तो आत लागत नाही, कारण पुस्तक जवळ भासलं तरी फोकस लांबचाच असतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा आत घालू नका. त्याचा खालचा भाग वाचनाचा, आणि हेडसेटमध्ये खाली बघितलं की धूसर.

क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याकडचा भाग चार टप्प्यांत पुढेमागे होतो, त्यामुळे चष्म्याला जागा करता येते. ३एसमध्ये अशी टप्प्यांची सोय नाही, तिथे चष्म्यासाठी डोळे आणि भिंगांतलं अंतर वाढवणारी स्पेसर नावाची चौकट लावतात. दोन्हीकडे डोळे जितके लांब गेले तितकं दृश्य अरुंद होतं. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली तर उठलेला ओरखडा कायमचा, म्हणून रोजच्या वापराला नंबराची आतली भिंगं करून घेणं मला जास्त पटतं. त्यांत दृष्टिवैषम्याचा सिलिंडर नंबरही घालता येतो.

खरंच फोकस फिरवायचा असेल तर एचटीसीचा व्हाइव्ह एक्सआर एलीट बघा. त्यात प्रत्येक भिंगाला वेगळी चकती आहे आणि ती शून्यापासून मायनस सहापर्यंत जाते, पीडीही ५४ ते ७३ लागतो. नवऱ्याचा मायनस दोन, बायकोचा मायनस साडेचार अशा घरात त्याची मजा कळते. पण सिलिंडर आणि प्लस नंबर तो सुधारत नाही, आणि रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ९० च्या वर जात नाही.

रिफ्रेश रेटच्या बाबतीत ३ आणि ३एस यांच्यात निवडण्यासारखं फार काही नाही. दोन्ही १२० हर्ट्झपर्यंत जातात, आणि हेडसेटवरच चालणाऱ्या गेममध्ये बहुतेक वेळा आकडा गेम बनवणाराच ठरवतो. प्रश्न येतो कॉम्प्युटरला जोडल्यावर, कारण तिथे तो आपण निवडतो. लोक थेट १२० टाकतात. १२० ला एक चित्र तयार करायला कॉम्प्युटरला ८.३ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१ आणि ७२ ला १३.९. ग्राफिक्स कार्डला ते जमलं नाही तर अनेकदा खऱ्या चित्रांचा वेग निम्म्यावर येतो आणि मधली चित्रं अंदाजानं भरली जातात. स्थिर असताना सगळं सुंदर दिसतं, पण मान वळवली की खांबाच्या शेजारी दुसरा पुसट खांब. ही खूण दिसली की चाक आणि पट्ट्याला हात लावू नका, रेट एक पायरी खाली आणा.

वायफायवरून चालवत असाल तर आणखी एक गणित. सेकंदाला २०० मेगाबिटचा प्रवाह ७२ चित्रांत वाटला तर प्रत्येकाला सुमारे २.८ मेगाबिट मिळतात, १२० चित्रांत वाटला तर १.७. तेवढं चित्र जास्त दाबलं जातं आणि झाडाझुडपांत, गवतात चौकोन दिसायला लागतात. वाचन आणि सिनेमाला मी ७२ वर खूश असतो. फक्त पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर काहींना डोळ्याच्या कडेला थरथर जाणवते, त्यांनी ९० घ्यावा. १२० टेबल टेनिससारख्या झटपट खेळासाठी, तोही कार्ड झेपवत असेल तरच.

आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणून दिलेला हेडसेट असेल, कॅमेऱ्यातून दिसणारी तुमची खोली लुकलुकत असेल, तर रिफ्रेश रेट उगाच बदलू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, तिकडची ६०. ट्रॅकिंगच्या सेटिंगमध्ये हा आकडा आपोआपवर नसेल तर ५० करा. ट्यूबलाइटखालची लुकलुक तेवढ्यानं थांबते.