दर एकच, टन मात्र दोनदा मोजले

कोल्हापुरातून दुबईला थोडाथोडा माल पाठवतो. पूर्ण कंटेनर भरेल एवढा नसतो, म्हणून तो न्हावा शेव्याला इतरांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये जातो. यात भाडं 'रेव्हेन्यू टन'वर लागतं. कोटेशनमध्ये 'डब्ल्यू/एम' लिहिलेलं असतं, म्हणजे मालाचं वजन टनांत आणि आकारमान घनमीटरमध्ये काढायचं आणि जो आकडा मोठा, तेवढ्या टनांचं भाडं द्यायचं. एक टन बरोबर एक घनमीटर, एवढा साधा हिशेब. याच साध्या हिशेबात मी दोनदा फसलो.

पहिल्या खेपेला बिडाचे पंपाचे सुटे भाग होते, आणि गिऱ्हाईकाने मागितल्या म्हणून मेव्हण्याच्या कारखान्यातल्या कोल्हापुरी चपलाही. कास्टिंगच्या आठ लाकडी पेट्या, प्रत्येकी 300 किलो, माप 50 बाय 50 बाय 40 सेंटिमीटर. म्हणजे 2.4 टन, पण जागा फक्त 0.8 घनमीटर. चपलांचे वीस खोके, प्रत्येकी 15 किलो, माप 60 बाय 45 बाय 40. वजन जेमतेम 300 किलो, जागा मात्र 2.16 घनमीटर. सगळं मिळून वजन 2.7 टन आणि आकारमान 2.96 घनमीटर. मोठा आकडा 2.96, त्यावर ठरलेला दर 4,200 रुपये, म्हणजे 12,432 रुपये. बिल आलं 19,152 चं.

दर बरोबर होता, म्हणून मी आधी टॅक्स वगैरे काही असेल असं समजून पैसे भरले. (कोटेशन घेताना आपण दरावर घासाघीस करतो, टनांकडे कोण बघतो?) रात्री मुलीने बिल उघडलं आणि विचारलं, "बाबा, हे 4.56 कुठून आले?" कास्टिंगचं वजन 2.4 आणि चपलांचं आकारमान 2.16, यांची ती बेरीज होती. जड मालाचं वजन धरलं, हलक्या मालाची जागा धरली, आणि दोन्ही मिळवलं.

खरं तर एकाच कोटेशनमध्ये, एकाच दराने, एका बीएलवर, म्हणजे जहाजाच्या माल-पावतीवर, गेलेल्या मालाची तुलना एकूण वजन आणि एकूण आकारमान यांच्यात व्हायला हवी. जड आणि हलका माल एकत्र पाठवण्यात आपला फायदा असतो तो इथेच, कास्टिंगचं वजन चपलांच्या रिकाम्या जागेत जिरतं. माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटचा, म्हणजे फॉरवर्डरचा, माणूस फोनवर म्हणाला, "साहेब, कमोडिटी दोन आहेत, दोन्ही वेगळ्या धराव्या लागतात." मालाप्रमाणे दर वेगळे ठरले असतील किंवा बीएल दोन असतील तर ते खरंही आहे. आमचा दर एक, बीएल एक. आणि त्या बीएलवर त्यांनीच 2,700 किलो व 2.96 सीबीएम छापलं होतं. तेच पान फोटो काढून पाठवल्यावर 6,720 रुपयांची क्रेडिट नोट आली.

एवढं होऊनही मी दुसरी खेप त्यांच्याकडेच दिली, हा माझा मूर्खपणा. तोच माल, तेवढेच खोके. या वेळी बेरीज नीट होती, पण माप 3.725 घनमीटर. गोदामातल्या मापाची पावती मागितली तर चपलांचा प्रत्येक खोका 65 बाय 50 बाय 45 लिहिलेला. प्रत्येक बाजूला फक्त 5 सेंटिमीटर, म्हणून डोळ्यात भरत नाही. पण तिन्ही बाजूंचा गुणाकार झाल्यावर 2.16 चे 2.925 होतात, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ.

माप सगळ्यात बाहेरच्या टोकापासून घेतात हे मान्य. खोका फुगला, पट्टी सैल पडली, खाली पॅलेट असलं तर तेही मोजलं जातं, त्यात गैर काही नाही. पण प्रवासात फुगलेले वीस खोके सगळीकडून सारखेच 5 सेंटिमीटर फुगत नाहीत. खोका फुगतो तो बहुधा मधल्या भागात, आणि थप्पीतला खालचा उलट दबतो. पावतीवर सगळी मापं एकसारखी आणि पाचाच्या पटीत दिसली, तर टेप लावलाच नसावा.

हे पैसे मिळाले नाहीत. बीएलचा मसुदा ई-मेलने आला तेव्हा पत्त्याचं स्पेलिंग तपासून मीच 'ओके' लिहिलं होतं, आणि 3.725 हा आकडा त्यातच होता. शिवाय दुबईच्या गोदामाचं शुल्कही रेव्हेन्यू टनावरच लागतं, त्यामुळे तिकडे गिऱ्हाईकालाही जास्त भरावं लागलं. ते त्याने पुढच्या पेमेंटमधून कापून घेतलं.

आता ट्रक निघण्याआधी खोक्यावर टेप लावून फोटो काढतो, आणि कोटेशनवर 'एकूण वजन किंवा एकूण सीबीएम, जे जास्त असेल ते' असं लिहून घेतो. त्या जुन्या फॉरवर्डरने हे वाक्य लिहून द्यायला नकार दिला.