बोटाच्या टोकाला दाबाची फिल्म लावावी की चुंबक? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन बोटांच्या साध्या रोबोटिक ग्रिपरवर दोन्ही प्रकार आलटून पालटून आणि शेवटी एकत्रही चालवले. वस्तू निसटू लागली की ओळखायची आणि पकड आवळायची, एवढंच काम. एका बोटावर अर्ध्या इंचाच्या गोल दाबाच्या फिल्मवर रेघा असलेली सिलिकॉनची कातडी, दुसऱ्यावर सिलिकॉनच्या गादीत पुरलेलं छोटं चुंबक आणि त्याखाली मेलेक्सिसचा एमएलएक्स ९०३९३ हा तीन अक्षांचा चुंबकीय सेन्सर. वाचन ईएसपी ३२ वर, मोटर करंट नियंत्रित करता येणारी. निकाल आधीच सांगतो: निसटणं ओळखायला चुंबकीय गादी सरस आहे, पण फिल्म फेकून देण्यासारखी नाही. आणि खरी डोकेदुखी ओळखण्यात नाही, आवळताना किती आवळायचं यात आहे.

आधी फिल्म. ती दाबाचा एकच आकडा देते, बाजूने पडणारा ताण तिला कळत नाही. त्यामुळे निसटणं कळायला वस्तू आधी प्रत्यक्ष सरकावी लागते, म्हणजे रेघांवरून घासताना थरथर उठते आणि फिल्मच्या आकड्यात दिसते. या थरथरीचा वेग सरळ गणिताने येतो: सरकण्याचा वेग भागिले रेघांमधलं अंतर. रेघा १ मिमी अंतरावर असतील आणि ग्लास सेकंदाला २० मिमी सरकत असेल, तर २० हर्ट्झ. सेकंदाला ५० मिमी झाला की ५० हर्ट्झ. इथेच पहिली अडचण. आपल्या घरच्या विजेचा गुणगुणाट ५० हर्ट्झ, साध्या सर्व्होचा पल्सही सेकंदाला ५०. दोन्ही नेमके त्याच पट्ट्यात येऊन बसतात आणि वस्तू स्थिर असतानाही निसटल्याचा भास होतो. उपाय सोपा आहे. २० मिलिसेकंदांच्या खिडकीची सरासरी प्रत्येक आकड्यातून वजा करून चालत नाही, कारण तो गुणगुणाट त्यात तसाच उरतो. त्याऐवजी आत्ताच्या आकड्यातून बरोब्बर २० मिलिसेकंदांपूर्वीचा आकडा वजा करावा. ५० हर्ट्झ आणि त्याचे गुणक दोन्हीकडे सारखे असल्याने निघून जातात. याची किंमत अशी की नेमकं ५० हर्ट्झचं खरं निसटणंही निघून जातं, पण सरकण्याचा वेग सतत बदलत असल्याने ते फारसं टिकत नाही.

फिल्मचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे वाहवत जाणं. तेच वजन ठेवून दिलं तरी आकडा मिनिटागणिक हळूहळू सरकतो, आणि वजन चढवताना व उतरवताना वेगळा येतो. म्हणून तिच्यावरून न्यूटनमध्ये बळ काढण्याचा नाद सोडावा. बदल पाहण्यापुरतीच ती विश्वासार्ह. बसवताना दोन गोष्टी: शेपटीवर सोल्डर करू नये, प्लास्टिक वितळतं, क्रिम्प कनेक्टरच वापरावा. आणि फिल्मचा सक्रिय भाग वाकलेल्या टोकावर चिकटवू नये, नाहीतर काही न धरताही ती दाब दाखवते. सपाट तळ हवाच.

आता चुंबक. गादी घरी ओतता येते: ड्रॅगन स्किन १० किंवा इकोफ्लेक्स ००-३० यांपैकी कुठलंही एक सिलिकॉन, त्याचे दोन्ही भाग समसमान. साचा साध्या पीएलएचा छापावा. रेझिन प्रिंटरचा साचा वापरला तर प्लॅटिनम सिलिकॉन त्याला लागून चिकट राहतं, पूर्ण जमतच नाही, आणि लेटेक्सचे हातमोजेही तोच घोटाळा करतात. चुंबक २ मिमी व्यासाचं, १ मिमी जाडीचं निओडिमियम पुरे, सेन्सरपासून साधारण ५ मिमी वर. त्या अंतरावर सुमारे ६ मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. गादी १ मिमी दबली की ते ११ च्या पुढे जातं. म्हणून सेन्सरची सर्वांत बारीक मोजणी घेऊ नये, आकडा मर्यादेबाहेर जातो. एक पायरी जाड घ्यावी, RES_17.

या सेन्सरसाठीच्या ॲडाफ्रूटच्या लायब्ररीत गाळणी आणि सरासरी सुरुवातीला सर्वांत संथ ठेवलेली असते. तशीच ठेवली तर एक वाचन २०० मिलिसेकंदांहून जास्त घेतं, आणि एवढ्या वेळात ग्लास पकडीतून गेलेला असतो. शिवाय नेहमीच्या readData मध्ये आणखी १० मिलिसेकंद थांबण्याची सोय आहे. म्हणून मोजणी सुरू करणं आणि वाचणं वेगळं करावं:

```
Wire.setClock(400000);
sensor.setOversampling(MLX90393_OSR_0);
sensor.setFilter(MLX90393_FILTER_2);
// प्रत्येक फेरीत
sensor.startSingleMeasurement();
delayMicroseconds(2200);
sensor.readMeasurement(&x, &y, &z);
```

या मांडणीत मोजणीला १.८४ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दर तीन मिलिसेकंदांना एक वाचन आरामात मिळतं. वाचन अधूनमधून चुकत असेल तर ठरावीक वेळ थांबण्याऐवजी सेन्सरच्या INT पिनवर मोजणी झाल्याचा इशारा पाहावा.

चुंबकाचा खरा फायदा असा की तो बाजूचा ताणही दाखवतो. गादी ०.१ मिमी बाजूला ओढली गेली की आडव्या अक्षावर सुमारे १७५ मायक्रोटेस्लाचा फरक पडतो. पण पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. मनगट अर्धवर्तुळ फिरलं की आकडा जवळपास ८० ने बदलतो आणि तो बाजूच्या ताणासारखाच दिसतो. त्यामुळे तळहाताजवळ चुंबकाशिवायचा दुसरा सेन्सर त्याच दिशेत बसवून त्याचा बदल वजा करणं टाळता येत नाही. मोटरचं क्षेत्र मात्र या वजाबाकीने जात नाही, कारण ते दोन सेन्सरना वेगवेगळं पोचतं. मोटर बोटापासून जितकी दूर, तितकं बरं.

कॅलिब्रेशन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होतं. सरळ दाबून ५० ग्रॅमच्या टप्प्याने (जवळपास अर्धा न्यूटन) नोंदी घ्याव्यात, मग प्रत्येक दाबावर दोरीला वजन टांगून बाजूचा ताण द्यावा. आडवा अक्ष फक्त आडव्या ताणावर अवलंबून नसतो. गादी दबली की त्याच ताणाला आकडा मोठा येतो. दाब आणि ताण एकत्र घेऊन दुसऱ्या घाताचं समीकरण बसवलं तरच उत्तरं जुळतात.

आता आवळण्याचा भाग, एका उदाहरणातून. ४० ग्रॅमचा प्लास्टिकचा ग्लास धरून नळाखाली २५० मिलि पाणी भरायचं. कोरड्या सिलिकॉनचं घर्षण ०.८ धरू. प्रत्येक बोटावर निम्मं वजन, आणि घर्षणाच्या ७० टक्केच वापरायचे. रिकाम्या ग्लासाला प्रत्येक बोटावर बाजूचा ताण ०.२ न्यूटन, म्हणजे दाब ०.३५ न्यूटन पुरतो. भरल्यावर ताण १.४ आणि दाब २.५. पाणी चढत जाईल तसा ताण वाढतो आणि पकड मागोमाग वाढते. इथे निसटण्याची वाट पाहावीच लागत नाही, ताण आणि दाबाचं गुणोत्तर पाहून आधीच आवळता येतं. फिल्मला हे जमत नाही.

आता ताण १.० न्यूटन आणि दाब १.८ असताना पाण्याचा ओघळ बोटाखाली आला, घर्षण ०.४ वर घसरलं. बोट आता फक्त ०.७२ न्यूटन पेलू शकतं. ग्लास साधारण २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने खाली सरकू लागतो. तीस मिलिसेकंदांत सव्वा मिमी, ऐंशीमध्ये नऊ मिमी. माणसाच्या बोटाची प्रतिक्रिया जोहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये मोजली, ती साधारण ७० ते ८० मिलिसेकंदांत येते, त्यामुळे लक्ष्य अशक्य नाही. फिल्मला दोन रेघा ओलांडेपर्यंत चाळीसेक मिलिसेकंद जातात. चुंबकाला दाब तसाच राहून ताण एकदम १.० वरून ०.७२ वर आलेला तीन-चार वाचनांत दिसतो.

इथे एक सापळा आहे आणि तो बहुतेक कोडमध्ये दिसतो. घसरताना मोजलेला ताण म्हणजे वजन नव्हे. तो घर्षणाने जेवढा पेलला गेला तेवढाच. ०.७२ वरून नवा दाब काढला तर पकड कमी पडते, वस्तू पुन्हा घसरते, पुन्हा आवळली जाते आणि पायऱ्या पायऱ्यांनी खाली जात राहते. घर्षण आत्ताच्या मोजणीवरून घ्यावं, पण ताण घसरण्याच्या ५० मिलिसेकंद आधीचा:

```
mu = Ft_now / Fn_now;              // 0.72 / 1.8 = 0.4
Fn_goal = Ft_before / (0.7 * mu);  // 1.0 / 0.28 = 3.6 N
Fn_goal = min(Fn_goal, Fn_max);
```

म्हणून ताणाच्या आकड्यांचा लहानसा गोल साठा कायम ठेवावा लागतो. Fn_max, म्हणजे दाबाची कमाल मर्यादा, वस्तूप्रमाणे आधी ठरवावी. कागदी कप असेल तर भिंत आत जाते त्या दाबाच्या खाली.

दुसरा सापळा आवळण्यातून येतो. मोटर झटक्याने आवळते तेव्हा दोन्ही बोटं अगदी एकाच रेषेत नसल्याने गादीवर बाजूचा ताण उठतो आणि फिल्मवर थरथर. दोन्ही निसटण्यासारखे दिसतात. मग ग्रिपर आवळतो, भास होतो, आणखी आवळतो, आणि थेट Fn_max गाठतो. आवळण्याचा आदेश दिल्यापासून ६० मिलिसेकंद थरथर दुर्लक्षित करावी, पण गुणोत्तर पाहणं सुरूच ठेवावं. पुन्हा आवळायचं ते दाब स्थिरावल्यानंतर ताण परत पडला तरच. सैल सोडणं मात्र सावकाश, सेकंदाला ०.२ न्यूटनपेक्षा जास्त नाही. संगणकावरून यूएसबी अडॅप्टरने मोटर चालवत असाल तर एफटीडीआय चिपचा उशीर मूळचा १६ मिलिसेकंद असतो, तो १ वर आणावा:

```
echo 1 | sudo tee /sys/bus/usb-serial/devices/ttyUSB0/latency_timer
```

मग फिल्म कशाला? स्टीलसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त स्टीलच्या भांड्यांना चुंबक चिकटतं. असं भांडं जवळ आलं की ते गादीतल्या चुंबकाला ओढतं आणि क्षेत्रही वाकवतं, स्पर्श होण्याआधीच दाबाचा आकडा बदलतो. अशा वेळी चुंबकाचं सगळं गणित कोलमडतं आणि फिल्मची थरथर हाच आधार उरतो. गरम चहाचाही परिणाम होतो. निओडिमियम दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के क्षीण होतं, म्हणजे २० अंश तापल्यावर जवळपास अडीच टक्के. दाब कमी झाल्यासारखा दिसतो आणि ग्रिपर विनाकारण आवळतो. सेन्सरमध्ये तापमानही वाचता येतं, पण गादीतलं चुंबक आधी तापतं आणि सेन्सर नंतर, त्यामुळे दुरुस्ती उशिरा लागते.

टिकण्याच्या बाबतीत चुंबकाचं दुखणं एकच: निकेलच्या मुलाम्याला सिलिकॉन चिकटत नाही. वारंवार बाजूचा ताण पडून चुंबक आपल्या खोबणीत हलू लागतं. ओळखायचं असं की हात रिकामा असताना शून्य दर वेळी वेगळ्या जागी येतं. चुंबकाभोवती सगळीकडून किमान १ मिमी सिलिकॉन ठेवलं आणि दोन टप्प्यांत ओतलं तर हे लांबणीवर पडतं. फिल्मवरची कातडी धूळ आणि हाताच्या तेलाने गुळगुळीत होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पकड परत येते. प्रत्येक घसरणीत मिळालेलं mu नोंदवत राहिलं तर पुसण्याची वेळ त्यातूनच कळते. कोरड्या वस्तूंवर ते सातत्याने ०.६ खाली आलं की पुसावं, आणि पुसूनही वर येत नसेल तर कातडी बदलावी.