थंड जमिनीवर झोपायचंय: जास्त उबदार बॅग घ्यावी की जास्त आर-व्हॅल्यूची मॅट?

हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच प्रसंगी पडतो. रात्रीचं तापमान शून्याच्या आसपास जाणार आहे, सामानात भर घालायला एकाच वस्तूपुरती जागा आहे आणि समोर दोन जोड्या आहेत. एक जोडी म्हणजे उणे १० अंशांची स्लीपिंग बॅग आणि दीड आर-व्हॅल्यूची पातळ मॅट. दुसरी म्हणजे शून्य अंशाची बॅग आणि साडेचार आर-व्हॅल्यूची मॅट. पहिल्यांदा बाहेर राहायला निघालेले जवळपास सगळे पहिली जोडी उचलतात, कारण बॅगेवर तापमानाचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो आणि तो मनाला धीर देतो. मीही कधीकाळी तीच उचलली होती. त्या रात्री छातीवर उबेने घाम आणि कमरेखाली बर्फाची लादी, असं पहाटेपर्यंत कूस बदलत काढलं. बॅगेत काहीच खोट नव्हती. माझी निवड चुकली होती.

बॅगेची ऊब कापडात किंवा पिसांत नसते, तर पिसांनी अडवून धरलेल्या हवेत असते. आपण बॅगेवर पाठ टेकली की खालची पिसं दबतात आणि चार बोटं फुगलेला थर कागदासारखा चपटा होतो. कृत्रिम तंतूंची बॅग थोडी कमी दबते, पण फार फरक पडत नाही. म्हणजे कितीही भारी बॅग घेतली तरी अंगाखाली तिचा उपयोग नाममात्रच. तिथे जमीन आणि पाठ यांच्यामध्ये खरं काम करते ती मॅट. जमीन तर उष्णता ओढून घेण्यात हवेपेक्षा कितीतरी पटाईत असते. अंगाभोवतालची हवा थोडी गरम होऊन तिथेच थांबते. ओली माती किंवा कातळ मात्र उष्णता आत आत नेत राहतो आणि रात्रभर तृप्त होत नाही.

आता आर-व्हॅल्यू. उष्णतेला वाट काढायला किती अडथळा होतो, याचं ते माप आहे. आकडा दुप्पट झाला की मॅटमधून जाणारी उष्णता निम्मी होते. एवढं कळलं की झोपलेल्या माणसाचा ढोबळ हिशेब मांडता येतो. पाठ, नितंब, खांदे आणि पाय मिळून सुमारे ०.४ चौरस मीटर अंग जमिनीला टेकतं असं धरू. त्वचा आणि जमीन यांच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरू. अशा वेळी खालून जाणारी उष्णता वॅटमध्ये काढायची असेल तर ६८ ला आर-व्हॅल्यूने भागायचं. दबलेली बॅग आणि अंगातले कपडे मिळून अर्धा आर देतात असं समजून तो मॅटच्या आकड्यात मिळवू, म्हणजे बॅगेवर अन्याय होणार नाही.

झोपेत मोठ्या माणसाचं शरीर साधारण ७० वॅट उष्णता तयार करतं. श्वास आणि त्वचेवरून उडणारी वाफ यांत त्यातली १८ च्या आसपास जाते असं धरू. उरलेल्या ५२ वॅटमध्ये वरची आणि खालची गळती दोन्ही बसली पाहिजे. नाही बसली तर शरीर कुडकुडून जास्तीची उष्णता तयार करतं आणि आपल्याला जाग येते. हवा आणि जमीन दोन्ही शून्य अंशावर आहेत असं धरून वरच्या दोन जोड्या शेजारी ठेवल्या तर असं चित्र दिसतं:

| | खालून | वरून | एकूण (मर्यादा ५२ वॅट) |
|---|---|---|---|
| उणे १० ची बॅग, आर १.५ ची मॅट | ३४ | २७ | ६१ |
| शून्य अंशाची बॅग, आर ४.५ ची मॅट | १४ | ४० | ५४ |

दुसरी जोडी जवळजवळ काठावर बसते. डोक्याला टोपी आणि पायात कोरडे मोजे घातले की दोन वॅट भरून निघतात. पहिली जोडी बॅग दहा अंशांनी उबदार असूनही नऊ वॅटने कमी पडते. ती तूट फक्त बॅग बदलून भरायची ठरवली तर वरची गळती २७ वरून १८ वर आणावी लागेल. याच हिशेबाने अशी बॅग सुमारे उणे २० अंशांची होते. शून्य अंशाच्या रात्रीसाठी उणे २० ची बॅग! तेच काम पहिल्या जोडीखाली दोन आरची साधी कॅरीमॅट सरकवून होतं. खालची गळती ३४ वरून १७ वर येते आणि एकूण आकडा ४४. म्हणून उबदार बॅग आधीच घरात असेल तर ती विकून टाकायची काही गरज नाही.

हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. पण त्याची दिशा बदलत नाही, आणि त्याचं कारण बॅगेवरच्या आकड्यातच दडलेलं आहे. आयएसओ २३५३७ या मानकानुसार बॅग तपासताना तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात. त्या पुतळ्याच्या अंगात लांब बाह्यांचे आतले कपडे असतात आणि खाली चांगली मॅट असते, पाचच्या आसपास आर-व्हॅल्यूची. म्हणजे बॅगेवरचा ‘कम्फर्ट’ आकडा एकट्या बॅगेचा नसतोच, त्या मॅटसकट असतो. पातळ मॅटवर झोपून ‘बॅगेने दगा दिला’ म्हणणारा माणूस त्या आकड्याची अर्धी अट पाळत नसतो. याच लेबलवर ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असेही आकडे असतात. तुलना नेहमी कम्फर्टची कम्फर्टशीच करा. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडा नाही, जीव वाचण्याचा आहे.

मॅटवरचा आकडा वाचताना सगळ्यात आधी एएसटीएम एफ ३३४० हा उल्लेख शोधा. हे मानक २०१८ मध्ये आलं आणि २०२० पासून मोठे उत्पादक ते वापरू लागले. यात फुगवलेली मॅट ३५ अंशांच्या गरम पाट्याखाली आणि ५ अंशांच्या थंड पाट्यावर ठेवतात. गरम पाटा तेवढाच गरम ठेवायला किती ऊर्जा लागते, त्यावरून आर-व्हॅल्यू काढतात. त्याआधी प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने मोजायचा, त्यामुळे जुन्या मॅटवरचा चार आणि नव्या मॅटवरचा चार एकच समजू नका. काही मॅटवर आर-व्हॅल्यू नसतेच, फक्त ‘उणे १५ पर्यंत चालेल’ असं लिहिलेलं असतं. मी अशी मॅट घेत नाही. कुठल्या बॅगेसोबत, कुठल्या जमिनीवर, हे सांगितल्याशिवाय मॅटच्या तापमानाला अर्थ नाही. आणि आकडा ०.७ किंवा ०.९ असा दिसला तर लगेच बाजूला टाकू नका, आधी एकक पाहा. तो चौरस मीटर केल्विन प्रति वॅट या मेट्रिक एककात असू शकतो. त्याला ५.७ ने गुणलं की आपल्या ओळखीची आर-व्हॅल्यू मिळते, म्हणजे ०.७ ची मॅट चारची निघते.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जाडी. आठ सेंटीमीटर फुगणारी, आतून पूर्ण पोकळ मॅट बोटाएवढ्या कॅरीमॅटपेक्षा थंड असते, हे हात लावून कुणालाच पटत नाही. आतल्या मोठ्या पोकळीत हवा फिरते. वर गरम झालेली हवा कडेला गार होऊन खाली उतरते आणि तिच्या जागी दुसरी हवा वर येते, शिवाय वरचा थर खालच्या थराकडे उष्णता फेकत राहतो. अशा पोकळ मॅटची आर-व्हॅल्यू एकच्या आसपास घुटमळते. कॅरीमॅटच्या फोममध्ये हवा बारीक बंद कप्प्यांत अडकलेली असते, ती फिरू शकत नाही, म्हणून इतकीशी जाडी असूनही दीड-दोन मिळतात. हलक्या आणि तरी उबदार एअर मॅटमध्ये याच दोन वाटा बंद केलेल्या असतात. आत तंतूंचा थर भरतात किंवा चकाकणाऱ्या पातळ पडद्यांनी पोकळीचे कप्पे करतात.

दोन मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. म्हणून अगदी गोठलेल्या जमिनीवर मला एका सहाच्या एअर मॅटपेक्षा चारची एअर मॅट आणि खाली दोनची कॅरीमॅट जास्त आवडते. आकडा तोच, थोडं ओझं जास्त. पण रात्री एअर मॅटला भोक पडलं तर सहाची मॅट जवळपास शून्य होते, जोडीत मात्र दोन तरी शिल्लक राहतात.

किती आर पुरे? दहा अंशांच्या वरच्या जमिनीवर दोन भागतात. दहा ते शून्यामध्ये तीन ते चार, शून्याखाली साडेचार-पाच, बर्फावर साडेपाच-सहा. त्यापुढे जाण्यात फारसा फायदा नाही. भागाकार करून बघा: आर एकवरून दोनवर गेलं की ३४ वॅट वाचतात, पाचवरून सहावर गेलं की जेमतेम सव्वादोन. तिथे पोहोचलात की मगच बॅगेकडे वळा. निर्णय घेताना हवामानाचा अंदाज हवेचा असतो, जमिनीचा नाही, हेही लक्षात ठेवा. हिवाळा सुरू होताना जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. हिवाळा संपताना हवा सुखद झालेली असली तरी जमीन गारठलेलीच असते, आणि बहुतेक लोक फसतात ते त्याच दिवसांत.

तुमच्याकडच्या जोडीत नेमकं काय कमी आहे, ते एका रात्रीत कळतं. गारठून जाग आली की लगेच कूस बदलू नका, थंडी कुठे लागतेय ते आधी नीट पाहा. कंबर, खांद्याचं हाड, टाच अशा टेकलेल्या जागी असेल तर मॅट अपुरी आहे. छाती, गुडघ्यांचा वरचा भाग किंवा पोटावर असेल तर बॅग अपुरी, किंवा गळ्याशी फट राहिली आहे. शंका असेल तर पाठीवरून पोटावर वळून दहा मिनिटं थांबा. थंडी पाठीकडून पोटाकडे आली तर दोष खालचाच. बर्फावर झोपला असाल तर सकाळी मॅट उचलून बघा. कमरेच्या आणि खांद्याच्या जागी बर्फ वितळून पुन्हा गोठून चकाकत असेल, तर तुमची ऊब रात्रभर तिथूनच जात होती. त्या रात्री बॅग आतून जाकीट घालून वाढवण्यापेक्षा रिकामी सॅक, दोरी आणि जादाचे कपडे कमरेखाली पसरा. पाठीला फरक काही मिनिटांतच जाणवतो.